गोपाचलावरचं शून्य: सातवीच्या सहलीचं पत्र आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सातवीचा वर्ग ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, म्हणजे गोपाचलावर जाणार असल्याचं पत्र मी मागच्या आठवड्यात मुलांच्या डायरीतून पाठवलं होतं. त्यावर बऱ्याच घरांतून फोन आले, काही आजी-आजोबा शाळेच्या फाटकाशी भेटले आणि दोन डायऱ्यांमध्ये मोठी पत्रंच लिहून आली. प्रश्न चांगले होते. एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून ते इथे एकत्र लिहिते आहे. हिंदीतली प्रत वेगळी दिली आहे, ही आपल्या मराठी घरांसाठी.

किल्ला तर गच्चीवरून रोज दिसतो. ग्वाल्हेरच्या मुलांना ग्वाल्हेरचाच किल्ला दाखवायला सहल कशाला?

रोज दिसतो म्हणूनच. वर्गात मी विचारलं तेव्हा सदतीसपैकी चौतीस मुलं किल्ल्यावर जाऊन आलेली निघाली. पाहुणे आले की मानमंदिर, साउंड अँड लाइट शो आणि गुरुद्वारा हे ठरलेलंच असतं. चतुर्भुज मंदिर मात्र एकाही मुलाने पाहिलेलं नव्हतं. कारण साधं आहे. आपण सगळे गाडीने उरवाई दरवाज्याकडून वर जातो आणि हे देऊळ पूर्वेच्या पायवाटेवर आहे. गाडी तिकडे जात नाही, त्यामुळे तिकडे कोणी जात नाही.

ही सहल त्या एका देवळासाठी आहे. त्याच्या भिंतीवर एक शिलालेख आहे, त्यात शून्य कोरलेलं आहे आणि आमचा गणिताचा तास त्याच्यासमोर उभं राहून होणार आहे. बाकी किल्ला वाटेत जेवढा भेटेल तेवढाच पाहू.

या शिलालेखात नेमकं लिहिलंय काय?

एक दानपत्र. मुलांनी हे आधीच समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण ‘शून्याचा शिलालेख’ म्हटलं की कुणा मोठ्या गणितीने काहीतरी सिद्धांत कोरून ठेवला असेल असं डोळ्यांसमोर येतं. तसं काही नाही.

प्रतिहार राजा भोजदेव, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला मिहिरभोज, याच्या काळात अल्ल नावाचा अधिकारी या किल्ल्याचा कोट्टपाल होता. आपल्या भाषेत किल्लेदार म्हणा. त्याने खडकाचा एक सुळका कोरून हे छोटं देऊळ केलं. देवळाच्या खर्चासाठी जी देणगी मिळाली तिची नोंद आत गाभाऱ्याच्या भिंतीवर आहे. फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी इतके हात, रुंदी इतके हात. किल्ल्यावरच्या माळ्यांनी देवाला रोज इतके हार द्यायचे, त्या त्या ऋतूत जी फुलं येतील त्यांचे. तेल्यांनी दिव्यासाठी तेल द्यायचं. आजही एखाद्या संस्थानाच्या वहीत असंच लिहिलेलं सापडेल.

त्यातले चार आकडे आम्हाला हवे आहेत. संवत ९३३, जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात आणि रोजचे ५० हार. संवताचा इसवी सन मुलं स्वतः काढतील. विक्रम संवतातून ५७ वजा केले की ८७६ येतात. हा आकडा कृपया घरी आधी सांगू नका, तेवढं गणित तिथे व्हायचं आहे.

यात शून्य कुठे आलं? ९३३ मध्ये तर शून्य नाही.

हा प्रश्न एका मुलीच्या वडिलांनी विचारला आणि मला फार आवडला. शून्य २७० मध्ये आहे आणि ५० मध्ये आहे. अक्षरांच्या ओळीतच हे आकडे येतात आणि शून्य म्हणजे एक बारीकसं वर्तुळ, शेजारच्या २ आणि ७ पेक्षा लहान. पहिल्यांदा पाहणाऱ्याला छिन्नी चुकून लागली असावी असं वाटू शकतं. ९, ३, ७ हे आकडे आपल्या आजच्या आकड्यांचे जवळचे नातलग आहेत, त्यामुळे एकदा बोट दाखवलं की मुलांना ते ओळखू येतात. अकराशे वर्षांपूर्वीची पाटी सातवीतल्या मुलाला अंशतः का होईना वाचता येते. तो क्षण मला प्रत्येक मुलाला द्यायचा आहे, म्हणून गर्दी करून सगळ्यांना एकदम आत नेणार नाही. देऊळ अगदी लहान आहे. सहा-सहा मुलांचे गट आत जातील, प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतील आणि बाकीची मुलं बाहेर वहीत काम करतील.

शून्य नसतं तर काय झालं असतं, हा पुढचा प्रश्न. त्याआधीच्या शिलालेखांत आकडे लिहायची वेगळी रीत होती. दहाला एक खूण, वीसला दुसरी, सत्तरला तिसरी, दोनशेला आणखी वेगळी. २७० लिहायचे तर दोनशेची खूण आणि सत्तरची खूण काढायची, संपलं. त्या रीतीत शून्याची गरजच पडत नव्हती. पण खुणा खूप लक्षात ठेवाव्या लागत. नव्या रीतीत नऊच आकडे, आणि त्यांची किंमत जागेवरून ठरते. तिथे रिकामी जागा दाखवायला काहीतरी लागतंच, नाहीतर २७ आणि २७० यांत फरक कसा करणार?

मुलांना मी एक कोडं घालणार आहे. समजा ऊन-पावसाने २७० मधलं शून्य झिजून गेलं आणि आपल्याला फक्त २७ दिसलं, तर चूक झाल्याचं ओळखता येईल का? येईल. दानपत्रात आधी लांबी आणि मग रुंदी लिहिली आहे. लांबी २७ आणि रुंदी १८७ असं कोणी लिहिणार नाही. पण ५० हारांतलं शून्य गेलं तर? मग देवाला रोज पाचच हार मिळतील आणि ते चूक असल्याचं दाखवणारं दुसरं काहीही त्या ओळीत नाही. दोन शून्यं सारखीच दिसतात, पण एक हरवलं तर भरून काढता येतं आणि दुसरं हरवलं तर कायमचं जातं. यावर मुलांनी वाद घालावा अशी माझी इच्छा आहे.

हे जगातलं सगळ्यात जुनं शून्य आहे ना? आम्ही पाहुण्यांना तसंच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन गेले होते तेव्हा वाटेत भेटलेल्या एका गाइडने तसंच सांगितलं आणि मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. मी तेव्हा लगेच थांबवलं नाही. पुढे परीक्षेच्या पेपरात अकरा जणांनी तेच उत्तर लिहिलं, आणि ते चूक आहे हे पुन्हा सगळ्यांना समजावून सांगायला मला दोन तास घालवावे लागले. म्हणून या वेळी आधीच लिहिते.

कंबोडियात एक शिलालेख सापडला आहे, त्यात शक ६०५ असं वर्ष आहे आणि मधलं शून्य एका ठिपक्याने दाखवलं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन ६८३ येतं. म्हणजे आपल्या लेखाच्या जवळपास दोनशे वर्षं आधी. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच लिहून ठेवले होते. बखशाली गावी सापडलेल्या गणिताच्या जुन्या भूर्जपत्रांवरही शून्याचे ठिपके आहेत, पण ती पत्रं नेमकी कधीची यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मग ग्वाल्हेरच्या शून्याचं मोल कशात? एक तर या लेखावर साल स्पष्ट कोरलेलं आहे, त्यामुळे वाद नाही. भारतातल्या दगडावरच्या, साल पक्कं असलेल्या शून्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी आहे आणि त्याचा आकार ठिपक्याचा नसून आपण आज काढतो तसा गोल आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रह्मगुप्ताचं शून्य पंडितांसाठी होतं. हे शून्य माळ्यांसाठी आणि तेल्यांसाठी आहे. पाथरवटाने ते कोरलं तेव्हा शेजारी ‘याचा अर्थ असा’ असं काही लिहावं लागलं नाही. म्हणजे ८७६ साली जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला ते रोजच्या सवयीचं झालेलं होतं. शोध लागणं आणि तो बाजारात रुळणं यांत किती वर्षं जातात, हे मुलांना या एका भिंतीवरून कळू शकतं.

पाहुण्यांना यापुढे ‘जगातलं पहिलं’ म्हणू नका. ‘फुलांच्या हिशेबातलं शून्य’ म्हणा. ते खरं आहे आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहतं.

घरी काही तयारी करून घ्यायची आहे का?

हो, एकच, पण ती नक्की करा. मुलाचा हात मोजा. कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, इंचांत. तसाच घरातल्या एका मोठ्या माणसाचाही मोजा आणि दोन्ही आकडे डायरीत लिहून पाठवा.

जुना हात सुमारे दीड फुटाचा धरतात. आपल्या घरांत हे माप कालपर्यंत होतं. दोन हातांचा एक वार, म्हणून नऊवारी लुगडं अठरा हात. एका आजींना मी फोनवर २७० हात सांगितले तर त्या क्षणात म्हणाल्या, “म्हणजे पंधरा लुगडी एकापुढे एक अंथरली की झालं.” २७० भागिले १८, बरोबर पंधरा. मी त्यांना सोमवारी वर्गात बोलावलं आहे. रुंदीची तशीच दहा लुगडी लागतील आणि वर सात हात उरतील.

आता घरच्या मोजमापाचा उपयोग सांगते. दीड फुटाच्या हाताने बाग ४०५ फूट लांब आणि साधारण २८० फूट रुंद भरते. क्षेत्र अडीच एकरांच्या आसपास, फार तर थोडं जास्त. सातवीतल्या मुलाचा हात पंधरा इंचांचा निघाला असं धरू. त्याच्या हाताने मोजली तर बाग ३३७ फूट लांब आणि २३३ फूट रुंद येईल, म्हणजे पावणेदोन एकरांहून जेमतेम जास्त. हातात फरक फक्त तीन इंचांचा, पण देवाची जवळपास पाऊण एकर जमीन गेली! दानपत्र लिहिणाऱ्याला हे माहीत होतं. म्हणून त्याने नुसतं ‘हात’ न लिहिता राजाच्या मापाचा हात असं लिहिलं आहे. प्रमाणित माप म्हणजे काय, हे आमच्या पुस्तकात एका परिच्छेदात आहे आणि दरवर्षी मुलं तो पाठ करून विसरतात. स्वतःच्या हाताने जमीन गेलेली पाहिली तर विसरणार नाहीत.

मोजताना एक चूक हमखास होते. मुलं मनगटापासून मोजतात, किंवा हात सरळ करून खांद्यापासून. कोपर टेबलावर टेकवा, पंजा उघडा आणि पट्टीचं शून्य कोपराच्या मागच्या हाडाशी धरा. आकडा बारापेक्षा कमी किंवा विसापेक्षा जास्त आला तर पुन्हा मोजा.

चढ फार आहे का? गाडीनेच वर नेलं तर काय बिघडलं?

गाडीने गेलं तर देऊळच राहून जातं. आपण किला गेटकडून, गुजरी महालाच्या बाजूने चढू. टेकडी शहरापेक्षा सुमारे तीनशे फूट उंच आहे आणि ही वाट थेट पूर्वेच्या कड्याला लागून वर जाते. खाली आलमगिरी दरवाजा, मग बादलगढ, मग गणेश दरवाजा. त्याच्या पुढे लक्ष्मण दरवाज्याच्या आधी आपलं देऊळ आहे. सगळ्यात वर हत्ती पोळ, तिथून आत गेलं की मानमंदिर.

मुलांच्या चालीने, प्रत्येक दरवाज्याशी थांबत, पाऊण तास धरला आहे. दम लागेल, पण पायऱ्या नाहीत, फरसबंदी चढण आहे. त्रास चढण्यापेक्षा दगडाचा आहे. शेकडो वर्षं पाय आणि खुर घासून मधला पट्टा गुळगुळीत झालाय आणि सकाळचं दव पडलं की पाय सरकतो. म्हणून मुलं कडेने, भिंतीच्या बाजूने चालतील. उतरताना ही वाट वापरणार नाही. बहुतेक घसरणं उतारावरच होतं. परत येताना उरवाईच्या बाजूने छोट्या गाड्या ठेवल्या आहेत.

बूट नेहमीचे खेळाचे घालून पाठवा. सहलीसाठी म्हणून नवे कोरे बूट नकोत. तळवा उलटा करून पाहा, खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर ते बूट त्या दगडावर धोक्याचे आहेत.

ज्या मुलांना दमा आहे किंवा पायाचा त्रास आहे त्यांनी सहल सोडू नये. दोन मुलांसाठी मी वेगळी सोय केली आहे. ती गाडीने वर येतील आणि हत्ती पोळीतून थोडं खाली उतरून देवळापर्यंत पोचतील. सोबत एक शिक्षिका असतील. आणखी कोणाला लागणार असेल तर बुधवारपर्यंत कळवा, कारण दिवसभरासाठी माणूस त्या हिशेबाने ठेवावा लागतो. इनहेलर दप्तरात नको, खिशात हवा.

देऊळ बंद असलं तर?

हे एकदा झालंय. पहिल्या वेळी मी चौकशी न करता मुलं घेऊन गेले. लोखंडी दाराला कुलूप होतं आणि किल्ली असलेला माणूस दुसरीकडे गेला होता. मुलांनी जाळीला नाक लावून अंधारात डोकावलं आणि आम्ही परत फिरलो. चूक माझीच होती. या वेळी मी स्वतः दोन आठवडे आधी जाऊन देखरेख करणाऱ्यांशी बोलून वेळ ठरवून आले आहे आणि आदल्या दिवशी पुन्हा जाणार आहे. तरीही कुलूप भेटलंच तर माझ्याकडे लेखातल्या त्या ओळींचा मोठा छापील फोटो आहे, त्यावर तास होईल.

आत अंधार असतो. विजेरीचा झोत समोरून मारला तर अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. भिंतीला जवळजवळ लावून, बाजूने तिरका झोत टाकला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. दोन चांगल्या विजेऱ्या आम्ही नेऊ, मुलांना देऊ नका. भिंतीला हात लावायचा नाही, खडू-पेन्सिलने ठसा घ्यायचा नाही, हे घरूनही एकदा सांगा. बोटांच्या तेलाने दगड काळवंडतो आणि खाचेची कड बोथट होते.

शिंद्यांचा इतिहास दाखवणार की नाही? मराठी मुलांना तो नको का कळायला?

तीन आजोबांनी हे विचारलं आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. लष्कर भागात राहणाऱ्या आपल्या मुलांच्या पत्त्यातच तो इतिहास आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, म्हणून ते लष्कर. हत्ती पोळीपाशी पोचल्यावर मी एक गोष्ट सांगणार आहे. १७८० च्या ऑगस्टमध्ये किल्ल्यावर महादजींची शिबंदी असताना इंग्रजांच्या कॅप्टन पॉपमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून कडा चढला. आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे होते. आपण चढलो त्या वाटेवर एकामागे एक दरवाजे होते, म्हणून त्यांनी ती टाळली. किल्ला कसा बांधतात आणि तो कसा पडतो, दोन्ही एका गोष्टीत येतं. महादजींनी पुढे काही वर्षांत तो परत घेतला. १८५८ नंतर तो इंग्रजांकडे राहिला आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे परत आला.

यापेक्षा जास्त या सहलीत बसणार नाही. ज्या आजोबांकडे घराण्याच्या आठवणी किंवा जुने कागद आहेत त्यांनी जानेवारीत वर्गात यावं, त्यासाठी मी एक पूर्ण तास वेगळा काढीन.

उरवाईच्या वाटेवरच्या मूर्ती नग्न आहेत. मुलं हसतात, काय सांगायचं?

एका आईने हे संकोचत विचारलं, पण लपवण्यासारखं यात काही नाही. या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, तोमर राजांच्या काळात पंधराव्या शतकात कड्यात कोरलेल्या. सगळ्यात मोठी आदिनाथांची मूर्ती ५७ फूट उंच आहे. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र. ज्याने सगळं सोडलं त्याने कपडाही सोडला, एवढं मी बारा वर्षांच्या मुलांना सरळ सांगते आणि त्यांना ते कळतं. आपल्या वर्गात जैन घरांतली मुलं आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्या देवाला कोणी हसलं तर त्यांना काय वाटेल, हे आदल्या दिवशी वर्गात बोलून घेऊ. घरी ‘तिकडे बघू नको’ असं सांगू नका. त्यानेच हसू येतं.

अनेक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, काहींचे नंतर चुन्याने दुरुस्त केलेले दिसतात. बाबराने त्या फोडायचा हुकूम दिला होता आणि ते त्याने स्वतःच्या आठवणींत लिहिलं आहे. मुलं विचारतील, तेव्हा मी हेच सांगीन.

मानमंदिरात काय पाहणार?

भिंतीवरची निळी फरशी आणि पिवळी बदकं. मानसिंह तोमराचा हा वाडा पाचशे वर्षं जुना आहे आणि रंग अजून तसेच आहेत. वीस मिनिटं. तळघरात नेणार नाही, अरुंद जिन्यात सदतीस मुलं सांभाळणं अवघड आहे. सास-बहू मंदिर आणि तेली मंदिर बाहेरून.

डबा आणि पाणी?

डबा कोरडा असू द्या. पोळीचा रोल, धपाटे, तिखट पुऱ्या चालतील, रस्साभाजी नको. स्मारकांच्या आवारात खायला परवानगी नाही, त्यामुळे जेवण बाराच्या सुमारास गुरुद्वाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत होईल. पाणी एक लिटर, बाटलीवर नाव. पाकिटातले वेफर नकोत, कारण वाऱ्याने रिकामी पाकिटं कड्यावरून खाली जातात आणि तिथून कोणी उचलत नाही. अत्तर किंवा वासाचा स्प्रे लावून पाठवू नका. किल्ल्याच्या कमानींत आग्या मोहोळं असू शकतात आणि वासाने माशा उठतात.

पैसे किती आणि मोबाईल चालेल का?

गाड्यांचे दीडशे रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना स्मारकांचं तिकीट लागत नाही. मोबाईल नको. सोबतच्या चार शिक्षकांचे नंबर डायरीत लिहिले आहेत. सकाळी सातला शाळेत, दुपारी अडीचला परत.

धुकं पडलं तर?

नोव्हेंबरअखेरीस फार धुकं नसतं, पण पडलं तर तासभर उशिरा निघू. दगड ओला असेल तर पायवाट रद्द करून सगळ्यांनाच गाडीने वर नेऊन हत्ती पोळीतून देवळापर्यंत उतरवू. सहाच्या आत निरोप येईल.

परत आल्यावर मुलांना काय लिहायचं आहे? निबंध असेल तर आम्हालाच लिहावा लागतो.

निबंध नाही. सोमवारी शाळेच्या मैदानावर आम्ही ती बाग आखणार आहोत. आपलं मैदान ४०५ फुटांचं नाही, म्हणून दहाव्या हिश्शाने, २७ हात लांब आणि १८.७ हात रुंद. दोऱ्या, खुंट्या आणि पांढरी फक्की शाळेची. चारही कोपरे काटकोनात आणायला तीन, चार, पाच हातांच्या दोरीचा त्रिकोण करायचा. आधी वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्या हाताने एक आखणी, मग सगळ्यात लहान चणीच्या मुलीच्या हाताने दुसरी, पहिल्याच कोपऱ्यापासून. मधली उरलेली पट्टी मुलं पावलांनी मोजतील.

आणि ५० हार. त्यासाठी प्रत्येकाने घरून मूठभर झेंडू आणायचे आहेत, विकत न घेता, दारातल्या किंवा शेजारच्या कुंडीतले. एका हाराला किती फुलं लागतात ते ओवून मोजायचं आणि अडीच एकरांतून तेवढी रोज निघतील का याचा अंदाज बांधायचा. सुई-दोरा मी देईन. ज्या आजींनी पंधरा लुगड्यांचा हिशेब केला त्या ओवायला शिकवायला येणार आहेत. आणखी कोणाला यायचं असेल तर सोमवारी साडेदहाला मैदानावर या, चटया अंथरलेल्या असतील.